धागा : गच्चीवरील ऊन-सावलीचे टाइमलॅप्स चित्रण आणि सोलर पॅनेलची जागा

गच्चीवाला (धायरी, पुणे) | २३ डिसेंबर, रात्री ९.४०

आमच्या बंगल्याच्या गच्चीवर तीन किलोवॉटची यंत्रणा, म्हणजे ५४० वॉटची सहा पॅनेल, बसवण्याचा विचार आहे. दोन ठेकेदार येऊन पाहून गेले. एकाने सहाही पॅनेल सहज बसतील असे सांगितले, तर दुसऱ्याच्या मते सावलीमुळे चारच बसतील. दोघेही दुपारी बारा वाजता आले होते आणि दोघांनीही हात वर करून "सूर्य इकडून तिकडे जातो" एवढेच दाखवले. म्हणून मी स्वतः मोजायचे ठरवले.

गच्ची पूर्व-पश्चिम ९ मीटर आणि दक्षिणोत्तर ६ मीटर आहे. आग्नेय कोपऱ्यात जिन्याची खोली (उंची २.४ मीटर) आहे आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी, त्यामुळे टाकीचा माथा फरशीपासून ३.६ मीटरवर येतो. पश्चिमेला तीन मीटर अंतरावर शेजाऱ्यांची इमारत असून ती आमच्या फरशीपेक्षा सुमारे ४ मीटर उंच आहे. कठडा सर्व बाजूंनी एक मीटरचा आहे.

जुना फोन जिन्याच्या खोलीवर स्टँडला घट्ट बांधून २१ डिसेंबरला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर पाच मिनिटांनी एक छायाचित्र घेतले. फोनमधील तयार टाइमलॅप्स मुद्दाम वापरला नाही, कारण चित्रीकरण लांबत गेले की तो दोन फ्रेममधले अंतर आपोआप वाढवतो आणि मग कोणती फ्रेम किती वाजताची हे कळत नाही. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स सकाळीच लॉक केले. फरशीवर खडूने चार खुणा करून त्यांची टेपने घेतलेली मापे संगणकाला दिली आणि प्रत्येक छायाचित्र वरून पाहिल्यासारखे सपाट करून घेतले. त्यानंतर प्रत्येक ठिपका आपल्या दिवसभरातील सर्वाधिक उजेडाच्या ०.६ पटीहून उजळ असेल, तर तेथे ऊन आहे असे मोजले. त्याची आकृती सोबत जोडली आहे.

उत्तर मात्र निराशाजनक आले. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत सहा तासांहून अधिक ऊन मिळणारा पट्टा इतका लहान आहे की त्यात जेमतेम तीन पॅनेल मावतील. माझ्या पद्धतीत काही चूक आहे, की ठेकेदारच आशावादी आहेत?

सोसायटी_सचिव | २३ डिसेंबर, रात्री १०.०५

आमच्या सोसायटीत सौर यंत्रणेचा ठराव मंजूर झाला आहे. महावितरणचा नेट मीटर बसायला साधारण किती दिवस लागतात, हे कोणी सांगू शकेल काय? आणि अर्ज ठेकेदाराने करायचा की ग्राहकाने?

गच्चीवाला | २३ डिसेंबर, रात्री १०.२०

साहेब, या धाग्याचा विषय सावलीचे मोजमाप हा आहे. नेट मीटरसाठी वेगळा धागा काढलात तर उत्तरे लवकर मिळतील.

म्युनिककर | २३ डिसेंबर, रात्री ११.५०

आपण चित्रणासाठी दिवसच चुकीचा निवडला, असे मला वाटते. २१ डिसेंबरला सावल्या वर्षातल्या सर्वांत लांब असतात. आमच्याकडे म्युनिकला त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर येतो, त्यामुळे येथे डिसेंबरची सावली कोणी फारशी मनावर घेत नाही. वर्षभराच्या विजेत त्या महिन्याचा वाटाच इतका लहान असतो की त्यासाठी पॅनेल कमी करणे परवडत नाही. मार्च किंवा एप्रिलमध्ये पुन्हा चित्रण करावे आणि त्यावरून निर्णय घ्यावा, असा माझा सल्ला आहे.

शंकूछाया (निवृत्त सर्वेक्षक) | २४ डिसेंबर, सकाळी ७.१५

म्युनिककरांचे म्हणणे म्युनिकसाठी बरोबर आहे, पण ते पुण्याला लावता येणार नाही. पुण्यात २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंश उंचीवर असतो आणि आकाश बहुधा स्वच्छ असते. दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलला त्या महिन्यात चांगली वीज मिळते. आपल्याकडचा पडता काळ म्हणजे जुलै-ऑगस्ट, कारण तेव्हा ढग असतात, आणि ढगाळ दिवशी शेजाऱ्याच्या भिंतीची सावली मुळात पडतच नाही. तेव्हा पुण्यात सावलीने होणारे नुकसान मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी याच काळात होते. गच्चीवाल्यांनी दिवस योग्य निवडला आहे. मे महिन्यात चित्रण केले असते तर फसगत झाली असती, कारण मेच्या मध्यास पुण्यात शून्य सावली दिवस येतो आणि त्या सुमारास दक्षिणेकडचा अडथळा माध्यान्ही अगदीच निरुपद्रवी दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपण जोडलेली आकृती पाहिली. तीत मला दोन गोष्टी खटकल्या.

पहिली गोष्ट अशी की सकाळी साडेआठच्या सुमारास एकाच फ्रेममध्ये जवळजवळ सगळी गच्ची सावलीतून उन्हात जाते. खरी सावली असे कधी करत नाही. तिला कड असते आणि ती कड एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये सरकत जाते. सगळीकडे एकदम बदल झाला, तर तो सूर्याने केलेला नसून तुमच्या मर्यादेने केलेला असतो. सकाळी तिरपे ऊन आडव्या फरशीवर पसरून पडते, त्यामुळे उन्हातली फरशीसुद्धा माध्यान्हीच्या मानाने बरीच काळसर दिसते आणि तुमची ०.६ ची रेघ तिला सावली समजते. संध्याकाळीही हेच होत असणार.

यावर सोपा उपाय आहे. एक पांढरी फरशी ईशान्येच्या कठड्यावर, जिथे बहुतेक दिवसभर ऊन असते, तेथे आडवी ठेवा आणि प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच फ्रेममधील त्या फरशीशी करा. फरशी आडवीच हवी. ती पूर्वेकडे कलती ठेवली तर सकाळी उलट जास्त चमकेल आणि पुन्हा घोळ होईल. शिवाय ढग आला की तीच फरशी निस्तेज होते, म्हणजे कोणत्या फ्रेम टाकून द्यायच्या हेही तिच्यावरूनच कळते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पॅनेल फरशीवर ठेवणार आहात की उंच सांगाड्यावर?

गच्चीवाला | २४ डिसेंबर, सकाळी ८.३०

सांगाडा दोन मीटर उंच आहे. खाली कपडे वाळत घालायला आणि वावरायला जागा राहावी, अशी घरच्यांची अट आहे. पण चित्रण तर फरशीचेच होणार. त्याने फरक पडतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

शंकूछाया | २४ डिसेंबर, सकाळी ९.५०

याने सगळा हिशेबच बदलतो. दोन मीटर उंचीवरच्या पॅनेलच्या दृष्टीने शेजाऱ्यांची चार मीटरची भिंत दोनच मीटरची असते, जिन्याची खोली फक्त ४० सेंटिमीटर उरते आणि कठडा तर नाहीसाच होतो. तुमच्या आकृतीत पूर्वेच्या कडेला सकाळी दिसणारी दोन मीटरभर रुंदीची काळी पट्टी म्हणजे कठड्याची सावली आहे. पॅनेलला तिच्याशी काही कर्तव्य नाही.

तुमच्या मापांवरून हिशेब करून पाहिला. २१ डिसेंबरला दुपारी चार वाजता शेजारच्या इमारतीची सावली फरशीवर पश्चिम कठड्यापासून सुमारे चार मीटर आत येते. त्याच क्षणी दोन मीटर उंचीवर ती जेमतेम अर्धा मीटर आत आलेली असते.

तरीही तुमचे चित्रण वाया गेलेले नाही. फरशीवरच्या एखाद्या बिंदूवर ऊन पडले आहे, याचा अर्थ तो किरण वाटेत कुठेही अडलेला नाही, आणि म्हणून त्याच किरणाच्या वाटेवर दोन मीटर उंचीवर असलेला पॅनेलचा बिंदूही खात्रीने उन्हातच आहे. म्हणजे पॅनेलच्या सरळ खाली न पाहता, सूर्याच्या विरुद्ध दिशेला सरकून पाहायचे. माध्यान्ही हे सरकणे उत्तरेकडे १.८ मीटर होते, तर सकाळी नऊला वायव्येकडे जवळजवळ ४.७ मीटर.

याला दोन मर्यादा आहेत. फरशीवरच्या त्या बिंदूवर सावली असेल, तर पॅनेलही सावलीत आहे असे म्हणता येत नाही, कारण तो किरण पॅनेलच्या पातळीखाली एखाद्या कठड्याने अडवलेला असू शकतो. आणि पॅनेल गच्चीच्या उत्तरेला असतील, तर तुमचा तो बिंदू सकाळ-संध्याकाळ गच्चीच्या बाहेर, रस्त्यावर जाऊन पडतो. तेथले चित्र तुमच्याकडे नाही.

तारजोड (सोलर ठेकेदार, कोल्हापूर) | २४ डिसेंबर, दुपारी १.१०

मी काम करणारा माणूस आहे, त्यामुळे थोडे वेगळे मांडतो. इतका खल करण्याची गरज नाही. आता सगळी पॅनेल हाफ-कट येतात. ती उभी लावली आणि सावली खालच्या अर्ध्या भागावर पडली, तर वरचा अर्धा भाग काम करत राहतो. पूर्वीसारखे एका कोपऱ्यावर सावली पडली म्हणून सगळे पॅनेल बंद, असे आता होत नाही.

शंकूछाया | २४ डिसेंबर, दुपारी २.००

हाफ-कटचे आपले म्हणणे खरे आहे, पण ते आडव्या कडेने वर चढणाऱ्या सावलीला लागू पडते. टाकीची सावली तिरपी सरकते आणि काही वेळा वरच्या व खालच्या अशा दोन्ही भागांना एकाच वेळी स्पर्श करते. तेव्हा तो फायदा उरत नाही. म्हणून गच्चीवाल्यांना माझे सांगणे असे की पॅनेलच्या चौकोनातील सरासरी ऊन काढू नका. त्या चौकोनातील सर्वांत कमी ऊन मिळणारा कोपरा पाहा.

तारजोड | २४ डिसेंबर, दुपारी २.४०

कागदावर तसे दिसेल. मी बसवलेल्या यंत्रणांमध्ये टाकीच्या अशा सावलीमुळे ग्राहकाने तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

शंकूछाया | २४ डिसेंबर, दुपारी ३.०५

ग्राहकाला बिल कमी झालेले दिसते. ते आणखी किती कमी झाले असते, हे त्याला दिसत नाही. पण तुलनेसाठी मोजमाप ना आपल्याकडे आहे ना माझ्याकडे, तेव्हा हा वाद येथेच थांबवू.

माडाखाली (रत्नागिरी) | २४ डिसेंबर, रात्री ८.१५

माझा प्रश्न याच विषयातला आहे, पण आमचे घर कौलारू आहे आणि दक्षिणेला दोन माड आहेत. मीही फोनने चित्रण करून पाहिले. माडाच्या झावळ्यांतून छपरावर जे कवडसे पडतात, ते वाऱ्याने सतत हलतात. पाच मिनिटांनी काढलेल्या छायाचित्रात एकाच कौलावर कधी ऊन येते तर कधी सावली, आणि शेवटी सगळे छप्पर ठिपक्याठिपक्यांचे दिसते. शिवाय छपराला दोन उतार आहेत, त्यामुळे चार खुणांनी सपाट केलेले चित्र एका बाजूला बरोबर येते आणि दुसऱ्या बाजूला वेडेवाकडे ताणले जाते. यातून मार्ग आहे का?

शंकूछाया | २४ डिसेंबर, रात्री ९.२०

ताई, उतारांचे सोपे आहे. प्रत्येक उतार ही स्वतंत्र पातळी आहे, तेव्हा दोन्हींसाठी वेगवेगळ्या चार खुणा घ्या आणि दोन स्वतंत्र नकाशे करा. पॅनेल कौलांना समांतर व जवळ बसणार असतील, तर वर चर्चा केलेली उंचीची अडचण तुम्हाला फारशी येणार नाही. त्या बाबतीत तुम्ही गच्चीवाल्यांपेक्षा सुखी आहात.

कवडशांचे मात्र कठीण आहे. सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे वस्तू जितकी दूर, तितकी तिच्या सावलीची कड धूसर होते. ढोबळ हिशेबाने, दर मीटर अंतराला सुमारे एक सेंटिमीटर. दहा मीटरवरच्या माडाच्या पातीची सावली छपरावर येईपर्यंत विरून गेलेली असते आणि जे उरते ते ना धड ऊन, ना धड सावली. अशा ठिकाणी "ऊन की सावली" असा दोनच पर्यायांचा निवाडा करू नये. पाच मिनिटांऐवजी दर दहा सेकंदांनी छायाचित्र घेऊन त्यांची सरासरी काढली, तर झावळ्यांच्या छायेत किती टक्के उजेड शिल्लक राहतो याचा अंदाज येतो. पण त्या मिणमिणत्या उजेडात पॅनेल प्रत्यक्षात किती वीज देईल, हे मी छायाचित्रावरून सांगू शकणार नाही.

माडाखाली | २४ डिसेंबर, रात्री ९.४५

दहा सेकंदांनी काढून पाहते. माड तोडायचा नाही, एवढे मात्र नक्की. सासूबाईंनी लावलेला आहे.

गच्चीवाला | १० जानेवारी, रात्री ८.३०

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. शंकूछाया यांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा सगळे केले.

उत्तरेच्या बाजूला फरशीवरचे चित्र अपुरे पडते हे पटल्यामुळे सरळ पॅनेलच्याच उंचीवर चित्रण करायचे ठरवले. घराच्या रंगकामातून उरलेले बांबू कुंड्यांमध्ये रोवून, दोन मीटर उंचीवर दोरी ताणली आणि जेथे पॅनेलचे कोपरे व मध्य येतील तेथे थर्माकोलचे एकेक फूट लांबी-रुंदीचे चौदा तुकडे आडवे बांधले. सूर्याची उंची २१ डिसेंबरच्या मानाने सव्वा अंशानेच वाढलेली आहे, त्यामुळे ९ जानेवारीचे निकाल धरायला हरकत नसावी. पहिल्या दिवशी वाऱ्याने तीन तुकडे कलंडले आणि ते दुपारभर खोटी सावली दाखवत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना खालून पट्ट्या लावल्या.

पांढऱ्या फरशीशी तुलना करण्याचा भाग असा आहे. लाल रंगाचा घटक घेतला आहे, कारण सावलीत फक्त आकाशाचा निळसर उजेड असतो आणि त्यामुळे लाल घटकात ऊन-सावलीतला फरक अधिक ठळक दिसतो.

```python
img = cv2.imread(f)
red = img[:, :, 2].astype(float)
tile = red[212:228, 1490:1510].mean()
for k, (x, y) in enumerate(pieces):
    r = red[y-6:y+6, x-6:x+6].mean() / tile
    lit[k] += r > 0.65
```

एकूण ऊन मिळणारी मिनिटे म्हणजे `lit[k] * 5`. साडेआठचा तो एकदम होणारा बदल आता नाहीसा झाला. टाकीच्या सावलीची कड एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर सरकताना स्पष्ट दिसते.

निकाल असा आला. सहा पॅनेल एका ओळीत, पश्चिम कठड्यापासून अर्धा मीटर सोडून, उभी लावली तर ओळीची लांबी सुमारे सात मीटर होते. ओळीची दक्षिण कड गच्चीच्या दक्षिण कठड्यापासून ३.२ मीटरवर ठेवली, तर टाकीची सावली नऊच्या सुमारास मधल्या पॅनेलवर चांगलीच येते आणि त्यानंतर दहा-अकरापर्यंत खालच्या कडेवर रेंगाळते. तीच ओळ ४० सेंटिमीटर उत्तरेला सरकवली, की दहानंतर एकाही पॅनेलवर टाकीची सावली नाही. पश्चिमेच्या पहिल्या पॅनेलवर शेजारच्या इमारतीची सावली चारच्या थोडी नंतर पोहोचते. बाकीची पाच साडेचारनंतर एकेक करून झाकोळतात. म्हणजे सहाही बसतात आणि पहिल्या ठेकेदाराचे उत्तर बरोबर होते, जरी ते त्याने कशावरून दिले हे मला अजूनही कळलेले नाही.

तारजोड | १० जानेवारी, रात्री ९.००

अनुभवावरून दिले, असे समजा. पण ओळ उत्तरेकडे सरकवताना सांगाड्याचे मागचे पाय कठड्याच्या किती जवळ येतात ते पाहा. कठड्याच्या कडेवर वाऱ्याचा उपसा जास्त असतो आणि दोन मीटर उंचीवर पॅनेल शिडासारखी वारा धरतात. पाय नुसते काँक्रीटच्या ठोकळ्यावर न ठेवता स्लॅबमध्ये अँकर करून घ्या आणि त्या जागी गळती होणार नाही असे वॉटरप्रूफिंग करून घ्या. याबाबत आधी स्लॅबची स्थिती पाहणारा माणूस बोलवा.

म्युनिककर | १० जानेवारी, रात्री ११.३०

डिसेंबरबाबतचे माझे मत मी मागे घेतो. एक शंका आहे. फेब्रुवारीत पुन्हा चित्रण केले, तर ते ऑक्टोबरसाठीही चालेल ना? २० फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, जवळजवळ सारखीच, दक्षिण अकरा अंश, असते.

शंकूछाया | ११ जानेवारी, सकाळी ७.४०

चालेल, पण घड्याळ पाहून नव्हे. पुण्यात २० फेब्रुवारीला माध्यान्ह सुमारे १२.४८ ला होते, तर २२ ऑक्टोबरला १२.१९ ला. सावल्यांचा मार्ग तोच राहतो, पण ऑक्टोबरमध्ये तो अर्धा तास आधी घडतो. म्हणून फ्रेमची वेळ माध्यान्हीपासून मोजावी. चित्रात एक उभी काठी असेल, तर तिची सावली सर्वांत आखूड होते तो क्षण म्हणजे माध्यान्ह, आणि या ऋतूत त्या क्षणीची सावली खरी उत्तर दिशा दाखवते. फोनच्या होकायंत्रावर विसंबू नये, स्लॅबमधल्या सळ्या त्याला भरकटवतात.

गच्चीवाले, आपले काम नीट झाले आहे. एक सुचवतो. टाकी जिन्याच्या खोलीवरच, पण दक्षिणेच्या कडेला आणखी सरकवता आली, तर सकाळची ती तासाभराची सावलीही कमी होईल. नळजोडणीचा खर्च किती येतो ते पाहून ठरवा.

गच्चीवाला | ११ जानेवारी, सकाळी ९.१०

प्लंबरला विचारले आहे. टाकीखाली तुळई कुठून जाते हे नकाशात पाहिल्याशिवाय तो हात लावायला तयार नाही, आणि बांधकामाचा नकाशा सध्या सापडत नाही. दुसरे असे की शेजारी वर आणखी एक मजला चढवणार असल्याचे काल कानावर आले. तो सुमारे तीन मीटरचा धरला, तर पॅनेलच्या पातळीवर त्यांची भिंत दोनऐवजी पाच मीटरची होईल. त्याचे चित्रण आज करता येत नाही, म्हणून कागदावर हिशेब मांडत आहे. दुपारी तीनलाच सावली पश्चिम कठड्यापासून पावणेदोन मीटरपेक्षा जास्त आत येईल असे दिसते. कोणी पडताळून पाहील का?

शंकूछाया | ११ जानेवारी, सकाळी ११.२५

पाहिले. २१ डिसेंबरला तीन वाजता भिंतीच्या उंचीच्या साधारण ०.९६ पट सावली पूर्वेकडे सरकते. पाच मीटरला ४.८ मीटर, त्यातून मधले तीन मीटर वजा जाता १.८ मीटर. आपला आकडा बरोबर आहे. चार वाजता मात्र ती पावणेसहा मीटरपर्यंत आत येईल, म्हणजे सहापैकी निदान चार पॅनेल पूर्ण झाकली जातील आणि पाचवेही साधारण निम्मे. शेजाऱ्यांशी बोलून मजल्याचे नक्की काय ते आधी विचारा, सांगाड्याची ऑर्डर त्यानंतर द्या.